रिफर्बिश्ड कन्सोल: वॉरंटी कोणाची आणि कुठल्या तारखेपासून?

प्रश्न: "डिस्कवाला पीएस५ घ्यायचाय. कंपनीचा सर्टिफाइड रिफर्बिश्ड महाग पडतोय. मार्केटप्लेसवर 'रिफर्बिश्ड, १ वर्ष वॉरंटी' लिहिलेला बराच स्वस्त मिळतोय. दोन्हीकडे वर्षाचीच वॉरंटी असेल तर जादा पैसे कशाला घालवू?"

दोन्हीकडचं हे 'एक वर्ष' सारखं नाही. माझे पैसे नेमके याच ठिकाणी अडकले होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी वकील नाही आणि नियम देशागणिक बदलतात, तेव्हा अटी स्वतः वाचून खात्री करून घ्याच.

'सर्टिफाइड' शब्द कोणीही लिहू शकतो. बघायचं ते हे, की वॉरंटी लिहून देणारा कोण आहे. स्वतः कंपनी जिथे रिफर्बिश्ड कन्सोल विकते, तिथे ती सहसा नव्या कन्सोलसारखीच १ वर्षाची वॉरंटी देते आणि ती तुमच्या बिलाच्या तारखेपासून मोजली जाते. काही मोठ्या साइटींचा स्वतःचा रिफर्बिश्ड कार्यक्रम असतो. तिथे हमी साइटच्या नियमांप्रमाणे मिळते, मुदत बहुधा कमी असते, पण विक्रेत्याने हात वर केले तर दाद मागायला साइट तरी असते. तिसरा प्रकार म्हणजे विक्रेत्याने जाहिरातीत स्वतःच टाकलेलं एक वाक्य. तुम्हाला दिसलेली जाहिरात मला या तिसऱ्यातली वाटते. तो विक्रेता उद्या साइटवर असेल तोवरच त्या वाक्याला किंमत.

आता खरी मेख तारखेची. समजा, तो कन्सोल पहिल्या मालकाने जानेवारीत नवा घेतला आणि तुम्ही तो नोव्हेंबरात घेतलात. जाहिरातीत '१ वर्ष कंपनी वॉरंटी' लिहिलंय, आणि ते तसं खोटंही नाही. फक्त ते वर्ष जानेवारीपासून चालू आहे. तुमच्या वाट्याला जेमतेम दोन महिने येतात. तेही पहिल्या मालकाचं मूळ बिल हातात असेल तर, आणि त्या देशात वॉरंटी दुसऱ्या मालकाला चालत असेल तरच. फेब्रुवारीत डिस्क वाचणं बंद झालं की सर्व्हिस सेंटरवाला सिरियल नंबर टाकतो, तारीख बघतो आणि 'मुदत संपली' सांगतो. विक्रेता म्हणतो, वॉरंटी कंपनीची आहे, त्यांच्याकडे जा. परतीची मुदत तर केव्हाच गेलेली असते. तुमचे मेल या दोघांमध्ये टोलवले जात राहतात आणि दुरुस्तीचा खर्च शेवटी तुमच्याच खिशातून जातो.

म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला साइटच्याच चॅटमध्ये विचारा, फोनवर नाही: वॉरंटी कोण देणार, कुठल्या तारखेपासून, पाठवायचा-आणायचा खर्च कोणाचा, आणि दुरुस्त झाला नाही तर पैसे परत की दुसरा कन्सोल? बिलावर सिरियल नंबर छापून मागा. नंबर नसलेलं बिल म्हणजे तुम्ही 'एक कन्सोल' घेतल्याचा पुरावा, 'हाच कन्सोल' घेतल्याचा नाही. उत्तर गोलमोल आलं तर पुढे जाऊ नका. इथे मी अजिबात तडजोड करणार नाही.

कन्सोल घरी आला की खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि त्यात सिरियलचा स्टिकर स्पष्ट येऊ द्या. मग `Settings > System > System Software > Console Information` मध्ये जाऊन पडद्यावरचा सिरियल नंबर स्टिकरशी जुळवा. जुळला नाही तर बाहेरचं कवच एका कन्सोलचं आणि आतला बोर्ड दुसऱ्याचा, असं धरून चाला. असा कन्सोल कुठलंही सर्व्हिस सेंटर खळखळ न करता घेईल असं मला वाटत नाही. त्याच दिवशी परत करा.

दुसरी तपासणी डिस्क ड्राइव्हची. लोक इथेच चुकतात, कारण सगळे आधी अकाउंट टाकतात, एखादा डाउनलोड केलेला गेम चालवतात आणि 'मस्त चालतोय' म्हणून समाधान मानतात. डाउनलोडचा गेम ड्राइव्हला हातही लावत नाही. पहिल्या जाड मॉडेलमध्ये ड्राइव्हचा सर्किट बोर्ड त्या कन्सोलच्या मदरबोर्डशी जोडी बांधलेला असतो. बिघडलेला ड्राइव्ह काढून दुसऱ्या कन्सोलचा अख्खा ड्राइव्ह बसवला, तर तो डिस्क आत घेतो, बाहेरही टाकतो, पण वाचत नाही. माहितगार कारागीर मूळ बोर्ड जपून ठेवतो आणि फक्त यांत्रिक भाग बदलतो. घाईत जोडाजोड करणाऱ्याकडून ते होत नाही. तेव्हा पहिल्याच दिवशी गेमची एक डिस्क आणि जमल्यास ४के ब्लू-रे चित्रपटाची एक डिस्क घाला. दोन्ही सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटं न अडखळता चालायला हव्यात. स्लिम मॉडेलचा सुटा ड्राइव्ह बदलता येतो, फक्त पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, त्यामुळे तिथे ही भीती कमी.

तिसरी तपासणी वेळखाऊ आहे, पण टाळू नका. जड गेम सलग दोन तास चालवा. पीएस५ मध्ये प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये लिक्विड मेटल असतं. कन्सोल कोणी उघडून ते नीट पसरवलं नसेल, तर एखादी जागा कोरडी राहते आणि तिथला ताप बाहेर निघत नाही. वीस मिनिटं गेम उत्तम चालतो, मग पंखा वाढत जातो, पडद्यावर तापल्याची सूचना येते किंवा कन्सोल सरळ बंद पडतो. दुकानात पाच मिनिटं चालवून दाखवलेल्या कन्सोलमध्ये हे कधीच दिसणार नाही. गेम चालू असतानाच एचडीएमआयची केबल पोर्टापाशी हलकेच इकडेतिकडे करून बघा. चित्र जात-येत असेल तर पोर्ट सैल आहे किंवा वाईट सोल्डर केलेला आहे. तुमची स्वतःची, खात्रीची केबल वापरा, म्हणजे दोष केबलवर ढकलता येणार नाही. काही बिघाड दिसला तर तोही व्हिडिओत घ्या.

हे सगळं परतीच्या मुदतीत, शक्यतो पहिल्या दोन दिवसांत उरका. परतीची मुदत आणि वॉरंटी या वेगळ्या गोष्टी आहेत. परतीत पैसे मिळतात, वॉरंटीत बहुधा दुरुस्ती मिळते, आणि तीही 'ग्राहकाकडून आपटला' असा शेरा पडला नाही तर.

माझं मत विचाराल तर, डिस्कवाला कन्सोल हवा असेल आणि फरक किमतीच्या पाचव्या हिश्शाहून कमी असेल, तर कंपनीचाच घ्या. फरक त्याहून मोठा असेल, बिलावर सिरियल नंबर मिळत असेल आणि परतीसाठी निदान आठवडा असेल, तर मार्केटप्लेसवरचा घ्यायला हरकत नाही. यावर दुसरे सदस्य वाद घालतील, घालू द्या.

जाता जाता, कोणी निन्टेंडोचा स्विच घेत असेल तर त्यांच्यासाठी. तिथे बंदी फक्त अकाउंटवर नाही, थेट कन्सोलवरही बसू शकते आणि फॅक्टरी रीसेट करून ती जात नाही. इंटरनेटला जोडून ई-शॉप उघडून बघा. `2124-4007` हा एरर आला तर तो कन्सोल ऑनलाइन सेवांसाठी बंद आहे. 'नवीन बॅटरी, नवीन जॉयकॉन' असं विक्रेत्याने कितीही सांगितलं तरी परतच करा.