आईनाची तुळई खांबाला: कॅरेज बोल्ट की लॅग स्क्रू?

*"गुहागरला पडवीसाठी आईनाच्या ४ इंची खांबांना कडेने २ x ६ इंची तुळई जोडायचीय. कॅरेज बोल्ट घेऊ की लॅग स्क्रू? वायसर कसला आणि भोक किती मिमीचं?"*

खांबाच्या पाठीमागे हात पोचत असेल तिथे सरळ १२ मिमीचे कॅरेज बोल्ट घ्या, प्रत्येक सांध्याला दोन. पावसात फुगलेला आईन मार्च-एप्रिलपर्यंत आकसतो आणि सांधा ढिला पडतो. बोल्ट असेल तर चाकी पान्याने पुन्हा आवळता येते. लॅग स्क्रूची सगळी पकड लाकडात कापलेल्या आट्यांवर असते. ते एकदा झिजले की स्क्रू नुसता फिरत राहतो.

तुळई ५० आणि खांब १०० मिमी, म्हणजे जाडी १५०. वायसर आणि चाकी धरून १८० मिमी लांबीचा बोल्ट लागेल. भोक १३ मिमीचं पाडा. त्याहून मोठं झालं तर डोक्याखालचा चौकोनी भाग लाकडात रुतत नाही आणि चाकी आवळताना अख्खा बोल्ट फिरतो. डोक्याच्या बाजूला वायसर घालू नका, कारण तो चौकोन लाकडातच बसायला हवा. चाकीखाली मात्र रुंद वायसर हवाच, नाहीतर ती लाकडात घुसते. तुळईच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून ५० मिमी सोडून भोकं घ्या. गिरमिटाचं टोक पलीकडे दिसलं की थांबा आणि उरलेलं भोक त्या बाजूने पाडा, म्हणजे ढलपी उडत नाही.

भिंतीला चिकटलेल्या खांबामागे चाकी लावता येत नाही, तिथे लॅग स्क्रू. दुकानात कोच स्क्रू म्हणून मागा, १० x १२५ मिमीचा. याला दोन मापांची भोकं लागतात: तुळईतून, बिनआट्याच्या दांड्यासाठी १० मिमीचं, आणि पुढे खांबात आट्यांसाठी साडेसात मिमीचं. डोक्याखाली वायसर घाला. आट्यांना साबण चोळा, पान्यानेच फिरवा, हातोडीने ठोकू नका.

मी दापोलीकडच्या एका पडवीत आईनात सहाचंच भोक पाडलं होतं. लाकूड घट्ट धरेल असं वाटलं. अर्ध्यात पाना जड होत गेला, करकर आवाज आला आणि डोकं तुटून हातात आलं. दांडा खांबातच राहिला. शेजारी नवं भोक घ्यावं लागलं. पाना एवढा जड लागला की लगेच उलटा फिरवून स्क्रू काढा आणि भोक अर्ध्या मिमीने वाढवा.

समुद्र जवळ आहे, म्हणून पिवळसर मुलाम्याचा माल घेऊ नका. ३१६ ग्रेडचं स्टेनलेस, किंवा परवडत नसेल तर हॉट डिप गॅल्वनाइज्ड घ्या. बोल्ट, चाकी, वायसर तिन्ही एकाच धातूचे.

आणि लॅग स्क्रू चिऱ्याच्या भिंतीत धरत नाही, तो लाकडातच घालायचा.