नमस्कार की हात? आधी समोरच्याकडे बघ

विक्रीच्या कामात रोज अनोळखी माणसं भेटणार, तर सुरुवातीला एवढंच सांभाळ.

- बॅग, फाइल डाव्या हातात. उजवा मोकळा.
- दोन पावलांवर थांब. समोरच्याचा उजवा हात पुढे येतोय, तर हात मिळव. दोन्ही हात छातीकडे निघाले, तर नमस्कार.
- काहीच कळलं नाही तर नमस्कारच कर. जोडलेल्या हातांतला उजवा सहज पुढे करता येतो. पुढे केलेला हात मागे घेताना मात्र पंचाईत होते.

समोर बाई किंवा वयस्कर गृहस्थ असतील तर आपण आधी हात पुढे करायचा नाही. त्यांनी केला तर लगेच द्यायचा. नवशिके नेमके इथे चुकतात: मॅनेजर बाईंचा हात पुढे, आणि हे आपले हात जोडून उभे!