आकडा तोच, पण तळाला ठिपका आहे की रेघ?

"आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत आम्ही त्रिकोणातला आकडा बघून प्लास्टिक वेगळं करतो. भंगारवाला १ आकड्याच्या पाण्याच्या बाटल्या नेतो, पण १ आकडाच असलेले स्ट्रॉबेरीचे डबे तिथेच टाकून जातो. ५ आकड्याच्या डब्यांचंही तेच. तो टाळाटाळ करतोय का?"

नाही, टाळाटाळ नाही. त्याचा माल पुढे कोण घेतं आणि कोण परत पाठवतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यात बाटल्या दळून त्यांचे तुकडे, म्हणजे फ्लेक्स, करणाऱ्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं शिफ्ट सांभाळली आहे. तुमच्या स्ट्रॉबेरीच्या डब्यांनी आमची एक अख्खी रात्र खाल्ली होती. तो किस्सा पुढे सांगतो.

आधी त्या आकड्याबद्दल. हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने आणले. वस्तू कुठल्या मूळ प्लास्टिकची आहे हे वर्गीकरण करणाऱ्याला कळावं, एवढाच त्यामागचा हेतू होता. १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलीस्टायरीन आणि ७ म्हणजे बाकीचं सगळं. घोळ झाला तो भोवतीच्या बाणांमुळे. फिरणारे बाण दिसले की माणूस "हे पुन्हा वापरात येतं" असंच वाचणार. म्हणून २०१३ मध्ये मानकात बदल करून बाणांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला. पण हे चिन्ह साच्यातच कोरलेलं असतं आणि साचे वर्षानुवर्षं चालतात, त्यामुळे बाण अजूनही सगळीकडे दिसतात.

आता एक पाण्याची बाटली आणि एक स्ट्रॉबेरीचा डबा घ्या, आणि दोन्ही उजेडात धरून तळ बघा. बाटलीच्या तळाच्या बरोबर मधोमध एक छोटा ठिपका असतो, बोटाला टोचेल असा. डब्याच्या तळाला असा ठिपका सापडणार नाही. आकडा सांगत नाही ते हा ठिपका सांगतो: वस्तू बनली कशी.

बाटली दोन टप्प्यांत बनते. आधी वितळलेलं पेट साच्यात दाबून भरतात आणि परीक्षानळीसारखी जाड नळी तयार होते. आम्ही तिला प्रीफॉर्म म्हणतो. पेट ज्या छिद्रातून आत शिरलं त्याची खूण म्हणजे तो ठिपका. मग प्रीफॉर्म गरम करून आतून हवेने फुगवतात. ताण उभा आणि आडवा असा दोन्ही दिशांनी पडतो, आतल्या रेणूंच्या लांब साखळ्या एका रांगेत येतात आणि भिंत चिवट होते. डब्याचं तसं नसतं. पेटचा सपाट पत्रा गरम करतात आणि साच्यावर ओढून बसवतात. त्यात साखळ्या फारशा रांगेत येत नाहीत, म्हणून डबा दाबला की कडकन तडकतो आणि बाटली नुसती चेपते. रसायन एकच, पण अंगचा स्वभाव वेगळा.

कारखान्यात हा फरक कुठे नडतो? बाटल्यांच्या गासड्या फोडतात, लेबल काढतात, रंगीत आणि परका माल हाताने वेचतात आणि ग्राइंडरमध्ये नखाएवढे तुकडे करतात. हेच फ्लेक्स. मग ते पाण्याच्या टाकीत जातात. पेट पाण्यापेक्षा जड, ते बुडतं. झाकणं पीपीची किंवा एचडीपीईची असतात, ती हलकी, तरंगतात आणि वरून काढून घेता येतात. त्यानंतर कॉस्टिक सोडा घातलेल्या सुमारे ८० अंशांच्या पाण्यात धुतात, म्हणजे डिंक आणि चिकटा निघतो. मग सुकवणं. पुढे यातला पुष्कळ माल पॉलिस्टरचे तंतू बनवायला जातो.

डबा यातल्या प्रत्येक पायरीवर अडतो. तो ठिसूळ, म्हणून ग्राइंडरमध्ये तुकड्यांबरोबर बराच बारीक चुरा होतो आणि धुताना पाण्याबरोबर वाहून जातो. वजन करून घेतलेला माल असा गटारात जातो. त्याचं लेबलही बाटलीसारखं गरम पाण्यात सुटून येणारं नसतं, बहुतेकदा चिकटपट्टीच्या जातीचं असतं. तो डिंक फ्लेक्सला धरून राहतो आणि वितळवताना पिवळा पडतो. तिसरी अडचण सुकवणीतली, आणि आमची रात्र गेली ती तिथेच.

त्या दिवशी एका पुरवठादाराकडून आलेल्या गासड्यांत मधल्या थरात डबे भरलेले होते. बाहेरून सगळ्या बाटल्याच दिसत होत्या. वेचणाऱ्या बायकांनी जमेल तेवढे काढले, पण दाबून चपटा झालेला पारदर्शक डबा चपट्या बाटलीत ओळखणं कठीण. रात्री दोनच्या सुमारास ड्रायरमधून माल येईनासा झाला. झाकण उघडलं तर आत पोत्याएवढा गोळा, वरून साखरेच्या पाकात घातलेल्या चुरमुऱ्यांसारखा. बाटलीचे फ्लेक्स ताणामुळे आधीच बऱ्यापैकी स्फटिकरूप झालेले असतात, ते गरम झाले तरी सुटे राहतात. डब्याचे फ्लेक्स तसे नसतात. साधारण ८० अंशांच्या पुढे ते मऊ आणि चिकट होतात आणि स्फटिक बनायच्या आधीच एकमेकांना धरतात. आम्ही सळईने फोडून तो गोळा बाहेर काढला तेव्हा सकाळची शिफ्ट आली होती.

त्याहून मोठी भीती दुसऱ्याच गोष्टीची. तसाच पारदर्शक, हुबेहूब दिसणारा डबा पीव्हीसीचाही असू शकतो. पीव्हीसी पेटसारखंच जड, त्यामुळे पाण्याच्या टाकीत दोन्ही बुडतात आणि टाकी त्यांना वेगळं करू शकत नाही. पेट वितळवायला २६० अंशांच्या वर जावं लागतं. तोवर पीव्हीसी जळून आम्ल सोडतं, माल पिवळा पडतो आणि त्यात काळे ठिपके येतात. म्हणून चांगला खरेदीदार टनामागे पीव्हीसी ५०-१०० ग्रॅमच्या वर चालवून घेत नाही. म्हणजे हजार किलोंत मूठभर डबे. हे गणित माहीत असलेला माणूस डब्यांचं पोतं दारातच परत पाठवतो, आणि तीच गोष्ट फिरत फिरत तुमच्या भंगारवाल्यापर्यंत येते.

पेटच्या डब्यांचं पुनर्चक्रण होतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे फक्त डब्यांची वेगळी ओळ आहे, सुकवणीआधी स्फटिक बनवायची यंत्रणा आहे, ते करतात. पण त्यासाठी निव्वळ डब्यांचा माल टनावारी, नियमित यावा लागतो. तुमच्या सोसायटीतून हिवाळ्यात निघणारी दोन-तीन पोती त्यात मोजली जात नाहीत.

ठिपक्याचा धागा २ आकड्यालाही लावून बघा. शाम्पूच्या किंवा फिनाइलच्या बाटलीच्या तळाला ठिपका नसतो, आडवी रेघ असते. तिथे फुगवायची मऊ नळी साच्याने चिमटीत धरून बंद केलेली असते. एचडीपीईच्या बादलीला किंवा क्रेटला मात्र ठिपका असतो. रेघेचं एचडीपीई वितळल्यावर घट्ट, मळलेल्या कणकेसारखं असावं लागतं, नाहीतर लोंबती नळी स्वतःच्याच वजनाने ताणून पातळ होते. ठिपक्याचं पातळ वाहणारं लागतं, नाहीतर साच्याच्या कोपऱ्यात पोचत नाही. दोन्हीवर २ लिहिलेलं, पण एकत्र दळलं तर धड बाटलीही नीट बनत नाही आणि धड बादलीही. म्हणूनच जाणते भंगारवाले रेघेचा तो ब्लो आणि ठिपक्याचा तो इंजेक्शन असे दोन ढीग करतात. आकडा ते बघतही नाहीत.

तुमच्या ५ आकड्याच्या डब्यांत अडचण स्वभावाची कमी आणि वजनाची जास्त आहे. पीपीची मोडकी खुर्ची दोन-तीन किलोंची, ती कोणीही आनंदाने उचलतो. हॉटेलातून येणारा पातळ डबा झाकणासकट पंधरा-वीस ग्रॅमचा. एक किलो व्हायला पन्नास-साठ डबे गोळा करा, त्यातला रस्सा धुवा, ते कोणी एकात एक रचत नाही म्हणून पोत्यात अर्धी हवा घेऊन टेम्पोने पाठवा. पीपीला तेलाचं प्रेम फार, हळदीचा पिवळा डाग तर आत मुरतो. शिवाय ५ हा आकडा फक्त मूळ प्लास्टिक सांगतो. त्यात भरणीला खडूची पूड किंवा टाल्क किती घातली, काळा रंग किती, हे कुठेच लिहिलेलं नसतं. काळा माल पुढे काळाच राहतो, त्यामुळे त्याला भावही कमी. तरीही सरळ, धुतलेले, ठिपकेवाले पारदर्शक डबे एकात एक रचून वेगळ्या पोत्यात द्या. आमच्या नेरूळमध्ये दोन भंगारवाले असे घेतात. तुमच्याकडचा घेईल की नाही हे त्याला विचारूनच कळेल.

उलट उदाहरण दुधाच्या पिशवीचं. तिच्यावर आकडा शोधावा लागतो, कधी सापडतही नाही, आणि तरी ती हातोहात जाते. पिशवी जाड असते, जात एकच असते, रोज तेवढ्याच येतात आणि बघताक्षणी ओळखू येते. विकत घेणाऱ्याला पाहिजे ते सगळं तिच्यात आहे. फक्त कोपरा कापताना तुकडा पूर्ण तोडू नका. तो चिमूटभर तुकडा कोणी वेचत नाही, नाल्यात जातो. चीर देऊन लटकता ठेवा, पिशवी विसळून उलटी वाळत घाला.

सोसायटीत आकड्यांचा तक्ता लावला असेल तर तो काढून टाका. त्याऐवजी भंगारवाल्याला एका रविवारी खाली बसवा आणि आठवड्याचा माल त्याच्यापुढे ओता. तो जे घेईल त्यातली एकेक वस्तू आणि जे टाकेल त्यातली एकेक वस्तू दोन दोऱ्यांवर गेटजवळ टांगा. आम्ही हेच केलं. कामाला येणाऱ्या मावशींना तक्ता वाचावा लागत नाही आणि मुलांनाही पटकन कळतं. खरेदीदार बदलला की दोरीवरच्या वस्तू बदलतात, म्हणून दर सहा महिन्यांनी त्याला पुन्हा विचारा.

स्ट्रॉबेरीचे डबे तोवर सुक्या कचऱ्याच्या गाडीत द्या, पण बाटल्यांच्या पोत्यात चुकूनही घालू नका. बाटल्यांचं निव्वळ पोतं आणि डबे मिसळलेलं पोतं यांचा भाव एक नसतो. आणि तो टिनपाट पारदर्शक डबा घरात वाटाणे सोलून ठेवायला, धणे-जिरे भरायला चांगला चालतो. आमच्याकडे गेल्या वर्षीचे चार अजून आहेत, एकाचं झाकण तेवढं तडकलंय.