लेबलचं काम: पहिल्याच मेसेजमध्ये रेट आणि करेक्शन

"एका घरगुती मसालेवाल्या ताईंचा मेसेज आलाय, पाच मसाल्यांची लेबलं करायचीत, किती घ्याल? पहिल्याच रिप्लायमध्ये रेट सांगू का, आणि करेक्शन किती देणार ते कसं लिहू?"

रेट सांगाच. नुसतं "डिटेल्स पाठवा" म्हटलं की त्या तोपर्यंत आणखी दोघांना विचारतात. फक्त आकडा एकटा जाऊ देऊ नका, तो कशाचा आहे ते लगेच त्याच्यासोबत गेलं पाहिजे. मी असलं काम आलं की साधारण असं पाठवते:

"नमस्कार ताई. पाच मसाल्यांची, एकाच साइजच्या पाऊचची लेबलं असं धरून सांगते. पहिल्या मसाल्याचं मुख्य डिझाइन ९,०००, त्यावरून बाकी चार प्रत्येकी १,५००, एकूण १५,०००. लोगो, फोटो, मजकूर लिहिणं आणि छपाई यात नाही. मुख्य डिझाइनला करेक्शनच्या दोन फेऱ्या, बाकीच्यांना एक, पुढची प्रत्येक फेरी १,२००. अर्धे पैसे सुरुवातीला, उरलेले प्रिंटची फाइल देण्याआधी. लोगो आहे का आणि मजकूर तयार आहे का, एवढं कळवा. हा रेट पंधरा दिवसांसाठी."

प्रश्न मुद्दाम दोनच ठेवलेत, कारण किंमत तेवढ्यानेच बदलते. मजकुराचं विशेष विचारा, कारण घटक, वजन, एमआरपी, एफएसएसएआय नंबर, शाकाहारीचं हिरवं चिन्ह हे सगळं लेबलवर लागतं आणि बऱ्याचदा नंबरच अजून आलेला नसतो, मग डिझाइन पक्कं झाल्यावर जागा करत बसावं लागतं.

आता फेरी म्हणजे काय हे त्या मेसेजमध्ये नाही घातलंय, नाहीतर तो फारच लांबतो, पण हो म्हटल्यावर अॅडव्हान्स घ्यायच्या आधी ते लिहून पाठवाच. सगळ्या सुधारणा एका माणसाकडून, एकाच मेसेजमध्ये, ती एक फेरी. नाहीतर सकाळी ताई "लाल जरा गडद करा" म्हणतात, दुपारी त्यांचे मिस्टर "फिकट बरं वाटतं" म्हणतात आणि संध्याकाळी भाचा फॉन्ट सुचवतो, आणि तुम्ही ते तीन वेळा करून देता. रंग, अक्षराचा आकार, ओळ इकडेतिकडे हलवणं ही सुधारणा झाली. "आता वारली चित्रं नको, एकदम मॉडर्न करा" हे नवीन डिझाइन, त्याचे पैसे वेगळे. आणि त्यांनी दिलेला मजकूर टाइप करताना चूक तुमच्याकडून झाली असेल तर ती कधीही फुकट दुरुस्त करायची, फेरीत मोजायची नाही, हेही स्पष्ट लिहा, समोरच्याला त्याने खूप बरं वाटतं.

"आमचं बजेट बाराच हजार आहे" असं आलं तर रेट खाली आणू नका, काम कमी करा. ९,००० अधिक दोन मसाल्यांचे ३,०००, म्हणजे आत्ता तीन लेबलं होतात, कांदा लसूण, गोडा आणि मालवणी घ्या म्हणावं, उरलेली दोन नंतर त्याच १,५०० ने.