चौघांत विषय वाटताना

अरे, अभ्यासासाठी मशीन्स, इलेक्ट्रॉनिक्स आणि सिग्नल्स चौघांत कसे वाटायचे, असं विचारलंस ना? चार जण आणि तीन विषय म्हटल्यावर एकेकाला अख्खा विषय देऊ नकोस. मागच्या वर्षी जुळे सोलापूरच्या खोलीवर आम्ही तेच केलं. सिग्नल्सवाला कॉन्व्होल्यूशनमध्ये पक्का झाला, पण त्याला मोटरचं एक गणित सुटेना.

मशीन्सचे दोन भाग कर: एकाकडे ट्रान्सफॉर्मर आणि डीसी मशीन, दुसऱ्याकडे इंडक्शन मोटर. तिसऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स, चौथ्याला सिग्नल्स. ज्याचा भाग, त्याने एक गणित फळ्यावर सोडवायचं. दुसऱ्या दिवशी बाकीच्या तिघांनी आकडे बदलून, वही मिटून तेच सोडवायचं. खरा अभ्यास या दुसऱ्या दिवशी होतो, तो चुकवू नका.

उदाहरण घे. 4 पोल, 50 हर्ट्झची मोटर 1440 आरपीएमने फिरते. सिंक्रोनस वेग 120 × 50 ÷ 4, म्हणजे 1500. फरक 60, म्हणून स्लिप 60 ÷ 1500, म्हणजे 4 टक्के. नवखे हमखास 1440 ने भागतात आणि 4.17 लिहितात. ऐकताना ही चूक कळत नाही, स्वतः सोडवताना लगेच उघडी पडते. ताळा असा: रोटरची वारंवारता 50 च्या 4 टक्के, म्हणजे 2 हर्ट्झ. फरकाच्या 60 आरपीएमवरूनही 60 × 4 ÷ 120, म्हणजे 2 च येते. 4.17 धरलंस तर 2.08 येऊन जुळत नाही.

सिग्नल्स शेवटच्या आठवड्यावर टाकू नका. आलेख उलटवून सरकवायला हात बसावा लागतो, म्हणून रोज एकच कॉन्व्होल्यूशन काढा. टॉर्क-स्लिपचा आलेख सध्या राहू दे, आधी स्लिप चौघांना जमू दे.