डीएनएस बदलल्यावर नवा पत्ता सर्वांना एकाच वेळी का दिसत नाही?

प्रश्न: सकाळी ए रेकॉर्ड बदलला. मला नवे संकेतस्थळ दिसते, सहकाऱ्याला जुनेच. असे का?

उत्तर: बदल कोठेही 'पसरत' नसतो, प्रत्येक रिझॉल्व्हर, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर, आपल्याजवळची जुनी प्रत तिची मुदत, म्हणजे टीटीएल, संपेपर्यंत वापरत राहतो आणि ही मुदत त्याने ती प्रत घेतली त्या क्षणापासून मोजली जाते. समजा, टीटीएल ८६४०० सेकंद, म्हणजे २४ तास आहे आणि बदल १० वाजता झाला. तुमच्या रिझॉल्व्हरने जुनी नोंद काल १०:०५ला घेतली असेल, तर तो आज १०:०५ नंतर नवी मागवील. सहकाऱ्याच्या रिझॉल्व्हरने ती आज ९:५०ला घेतली असेल, तर त्याला उद्या ९:५०पर्यंत जुनाच पत्ता मिळेल. पडताळण्यासाठी सहकाऱ्याच्या संगणकावर ही आज्ञा द्यावी (आपले डोमेन घालून):

```
dig +noall +answer example.com
```

नावापुढचा आकडा म्हणजे उरलेले सेकंद. काही वेळाने तो घटलेला दिसला, तर उत्तर साठवलेल्या प्रतीतून येत आहे. आता टीटीएल कमी करून साठलेल्या प्रती लवकर संपणार नाहीत. ते बदलाच्या किमान २४ तास आधी करावे लागते. सर्व जुन्या प्रतींची मुदत संपेपर्यंत जुना सर्व्हर कृपया बंद करू नका.