काकाजी रिटायर होण्याआधी

भाऊ, जिनिंगातले जुने फिटर काकाजी रिटायर होण्याआधी त्यांचं कसब वहीत उतरवायचं, तर त्यांना "मशीन कशी सेट करता?" असं विचारू नको, "अंदाजानं" एवढंच म्हणतील. हिंगणघाटकडच्या एका जिनिंगात नव्या सुपरवायझर पोरीनं तिथल्या काकाजींचा हात मशीनकडे गेला की तेवढंच टिपलं: काय दिसलं, काय केलं, पुढे काय झालं.

ते काकाजी मशीनला कापूस लावण्याआधी सरकी दाताखाली धरत. कट्‌कन फुटली तर कोरडा, नुसती दबली तर ओला. तिनं दरवेळी शेजारी मॉइश्चर मीटरचं रीडिंग लिहिलं. कट्‌वाला माल 8 टक्क्यांच्या आसपास निघाला. सरकीला रुई चिकटून आली, तर ते आधी ओलावा बघत, मगच रोलरचा दाब. (नवे फिटर थेट पाना उचलतात.) सरकी चिरलेली आली, तर मात्र मशीन बंद करून चाकूंची सेटिंग. वहीत हा क्रमही लिही, आणि पहिल्या वेचणीपासून फरदडीपर्यंत नोंदी चालू ठेव, कारण माल बदलला की त्यांचा हातही बदलतो.